तेरा आणि सव्वीस

छत्तीस गुणांची पत्रिका जुळवायची तर पंचांग लागते, जन्मवेळ लागते आणि जोशीबुवांना कपभर चहा लागतो. मूलांकाला यांतले काहीच लागत नाही. महिना नको, साल नको. नुसती तारीख घ्यावी आणि एक अंक उरेपर्यंत आकडे मिळवावेत. पाच तारखेचा माणूस पाचच. तेराचा एक अधिक तीन, चार. एकोणतीसचे आधी अकरा, मग दोन. महिना आणि साल मिळवले की होतो तो भाग्यांक. तो आयुष्याच्या वाटेचा म्हणतात. मूलांक रोजच्या स्वभावाचा. म्हणून नवराबायकोचे घरात कसे जमेल, पंख्याच्या वेगापासून महिनाअखेरच्या हिशेबापर्यंत कुरबुर किती होईल, हे अंकशास्त्री दोघांचे मूलांक शेजारी मांडून सांगतात.

माझ्या पुतणीची तारीख तेरा. मुलाची सव्वीस, म्हणजे आठ. पत्रिकेत अठ्ठावीस गुण जमले होते, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. एवढ्यात मुलाच्या आईंनी कोणा अंकशास्त्र्याला विचारले. चार राहूचा, आठ शनीचा. दोघे एका छपराखाली म्हणजे रोजची ओढाताण, असे उत्तर आले आणि तिकडून फोन यायचे थांबले. आमच्या वहिनींनी त्या आठवड्यात दोनदा आमटी खारट केली.

मी पडलो मराठीचा मास्तर. पाठभेद दिसला की पोथ्या शेजारी ठेवून बघायची खोड जडलेली. म्हणून अंकांच्याही पोथ्या काढल्या. कीरो या टोपणनावाने लिहिणाऱ्या हस्तसामुद्रिकाचे अंकांवरचे पुस्तक १९२६ सालचे. त्याने चाराला युरेनस दिला आहे आणि साताला नेपच्यून. आपल्याकडच्यांनी त्या जागी राहू-केतू बसवले. ग्रह बदलला, अंक तोच राहिला. कीरोच्या मते चार आणि आठ एकमेकांकडे ओढले जातात खरे, पण या अंकांच्या माणसांनी आपल्या भोवती आणखी चार-आठ गोळा करू नयेत. घराचा नंबरसुद्धा निराळा बघावा. मुलाच्या आईंना मिळालेला सल्ला या घराण्यातला.

दुसरी पोथी पाश्चात्त्यांचीच, पण घराणे वेगळे. तिथे अंकांची तीन कुटुंबे मानतात: एक-पाच-सात बुद्धीचे, दोन-चार-आठ व्यवहाराचे, तीन-सहा-नऊ कलेचे. एका कुटुंबातल्या दोघांचे रोजचे सूर आपोआप जुळतात. म्हणजे तेरा आणि सव्वीस एकाच घरची माणसे! शिस्त दोघांना प्रिय, पैसा दोघेही जपून खर्चणार. बेरीज एकच, जोडपे एकच. एक म्हणतो जपा, दुसरा म्हणतो याहून बरे मिळणार नाही. यांत खरे कोण हे ठरवायला दोन्ही पोथ्यांत काही साधन नाही. घरोघर जाऊन कुणी भांडणे मोजली, असा उल्लेख मला तरी त्यांत सापडला नाही.

शिवाय मुळात तारीख कुणाची? आमच्या वडीलधाऱ्यांत एक जूनला जन्मलेल्यांची केवढी गर्दी! शाळा जूनमध्ये उघडे; आईला आठवे ती नागपंचमी; गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. त्या साऱ्यांचा मूलांक एक, ग्रह सूर्य. पुतणीची गोष्ट आणखी निराळी. ती रात्री दीड वाजता जन्मली. दाखल्यावर तेरा आहे, पण दिवस सूर्योदयापासून मोजणारी तिची आजी मरेपर्यंत तिला बारा तारखेला ओवाळत असे. बारा धरले तर ती तीन, म्हणजे गुरू.

हे भावाला सांगितले तर तो म्हणाला, "मग बाराच सांगू या का त्यांना?" पुतणीने साफ नकार दिला. "काका, वर्षात आठाचे दिवस किती असतात?" तिने विचारले. मी मोजले: दर महिन्याला आठ, सतरा, सव्वीस, म्हणजे छत्तीस. "म्हणजे दहांतला एक मुलगा तारखेवरूनच बाद. आणि उरलेले नऊ दिवा लावून झोपतात की मालवून, ते कोण सांगणार?"

तिने त्या मुलालाच फोन केला. दोघे तासभर बोलली. तो उजेडात झोपतो, हिला अंधार लागतो. त्याच्या पगारातून आईच्या औषधांचे पैसे आधी बाजूला पडतात, आणि त्यात काटछाट चालायची नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. हिने नोकरी सोडणार नाही, असे सांगितले. दिव्याचे अजून ठरलेले नाही.

मुलाच्या आई महिन्याभराने स्वतःच आल्या. लग्नाला होकार, पण दिवस चार, तेरा, बावीस, एकतीस नको आणि आठ, सतरा, सव्वीसही नको, एवढा त्यांचा आग्रह. वहिनी लगेच कॅलेंडर घेऊन बसल्या. मुहूर्त आणि कार्यालय दोन्ही मिळेल असा एकच दिवस निघाला, चोवीस. "सहा," विहीणबाई म्हणाल्या, "शुक्राचा," आणि त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.