सातांतले सात, दहांतले नऊ

वैभववाडीतून पदवी घेऊन पुढे शिकायला निघालेल्या मुलापुढे दोन वाटा असतात. एक कोकण रेल्वेची, मुंबईकडे जाणारी. दुसरी करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला उतरणारी. आमचा तालुका मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो, पण शिवाजी विद्यापीठ आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते. त्यामुळे मुंबईची गुणपत्रिका हातात धरून कोल्हापूरच्या अर्जातला टक्केवारीचा चौकोन भरायची वेळ इथल्या मुलांवर नेहमी येते. गुणपत्रिकेवर ठळक छापलेला असतो सीजीपीआय, आणि अर्जाला हवे असतात टक्के. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तो चौकोन फिरून फिरून माझ्यापुढे येतो.

एकदा एक पालक मुलीला घेऊन आले. थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी पदवीधर झालेला, आता मुलगी झाली. दोघांच्या गुणपत्रिका त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या आणि विचारले, "सर, थोरल्याक सातांतले सात, आणि हिका दहांतले नवच. म्हणजे ही मागे पडली काय?"

उत्तर गुणपत्रिकांबरोबरच्या श्रेणींच्या तक्त्यात होते. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांक पद्धत आणली तेव्हा श्रेणीबिंदू सात होते. ७० आणि त्याहून जास्त गुणांना ओ श्रेणी आणि ७ बिंदू, ६० ते ७० मध्ये ए आणि ६, ५५ ते ६० मध्ये बी आणि ५, असे करत खाली. नापासालाही १ बिंदू मिळे. २०१६-१७ पासून दहा बिंदूंची पद्धत आली आणि पट्टे बदलले. त्या तक्त्यात ओ श्रेणीसाठी ८० लागत, तिचे बिंदू १०. ७० ते ८० म्हणजे ए प्लस, ९ बिंदू. ६० ते ७० म्हणजे ए, ८ बिंदू. ५५ ते ६० म्हणजे बी प्लस, ७ बिंदू. नापासाला शून्य.

आता समजा, भावाला आणि बहिणीला प्रत्येक विषयात सारखेच ७२ गुण आहेत. भावाचे बिंदू ७ पैकी ७ होतात, बहिणीचे १० पैकी ९. विद्यापीठ तेच, गुण तेच, मधे गेली फक्त काही वर्षे. भावाचे सात 'पैकीच्या पैकी' म्हणून त्रैराशिक मांडले तर १०० टक्के येतात. बहिणीच्या नवाला दहाने गुणले तर ९०. दोघांचे खरे टक्के ७२.

चूक गुणाकारात नाही. श्रेणीबिंदू हा पट्ट्याचा क्रमांक आहे, मोजलेली लांबी नव्हे. त्याला कशानेही गुणले तरी पट्टा कुठून कुठपर्यंत होता ही माहिती त्यात नव्याने येत नाही. ती तक्त्यातूनच आणावी लागते.

गुणण्याचा सर्वांत प्रसिद्ध आकडा म्हणजे ९.५. सीजीपीए गुणिले साडेनऊ, म्हणजे टक्के. हे सूत्र आमच्याकडे कोणीही तोंडपाठ सांगतो, मग गुणपत्रिका कुठलीही असो. ते आहे सीबीएसईच्या दहावीचे, २०१० ते २०१७ या काळात तिथे श्रेणी दिल्या जात तेव्हाचे. सीबीएसईने ते हवेतून काढले नव्हते. ९१ ते १०० या वरच्या पट्ट्यात आधीच्या काही वर्षांत आलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी सुमारे ९५ निघाली, त्या पट्ट्याचे बिंदू १०, म्हणून ९५ भागिले १०. त्या बोर्डाचे पट्टेही बहुतेक दहा-दहा गुणांचे होते: ८१ ते ९० ला ९, ७१ ते ८० ला ८. त्यामुळे अंदाजापुरते सूत्र तिथे चालून गेले. तेच मुंबई विद्यापीठाच्या नवाला लावले की ८५.५ येतात. हा आकडा खोटा हे ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही. ८५.५ घेऊन त्याच तक्त्यात परत जायचे आणि त्याला कोणते बिंदू मिळतात ते बघायचे. ते १० निघतात. आपण निघालो होतो ९ वरून. जे रूपांतर उलटे वाचल्यावर मूळ बिंदूवर परत येत नाही, ते त्या तक्त्याचे नव्हे. ही उलटी पडताळणी मी प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने करायला लावतो.

मग बरोबर रीत कोणती? आधी मूळ गुण शोधायचे. गुणपत्रिकेवर विषयवार गुण छापलेले असले तर सीजीपीआयकडे बघायचेच नाही, गुणांची बेरीज करून टक्के काढायचे. ज्या संस्थेत प्रवेश हवा तिने किंवा पदवी देणाऱ्या विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमासाठी स्वतःचे अधिकृत सूत्र दिले असेल तर ते मानायचे, कारण अर्ज तपासणारा तेच धरणार. दोन्ही नसेल तेव्हाच अंदाज करायचा, आणि तो विषयवार करायचा. प्रत्येक विषयाच्या पट्ट्याचा मध्य घ्यायचा, त्याला विषयाच्या श्रेयांकाने गुणायचे, बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागायचे. ए श्रेणीचा मध्य ६५, बी प्लसचा ५७.५. शेजारी अंदाजाची हद्दही लिहायची. सगळ्या विषयांत ए असलेल्या मुलीचा अंदाज ६५ असला तरी खरे टक्के ६० ते ७० मध्ये कुठेही असू शकतात.

वरच्या पट्ट्याशी मात्र ही रीत अडते. २०१६-१७ च्या दहा बिंदूंच्या पद्धतीत ओ श्रेणी ८० पासून १०० पर्यंत पसरलेली होती. मध्य ९० येतो, पण पदवीच्या लेखी परीक्षेत ओ मिळवणारी बहुतेक मुले ऐंशीच्या थोडीच वर असतात. ९० धरले तर त्यांना फुकटचे गुण मिळतात. जुन्या सात बिंदूंच्या पद्धतीत तर हा पट्टा ७० पासून १०० पर्यंत होता. अशा पट्ट्यासाठी त्यात प्रत्यक्ष आलेल्या मुलांची सरासरीच हवी, आणि ती विद्यापीठाकडेच असते. सीबीएसईने साडेनऊ काढताना नेमके हेच केले होते. म्हणून ती पद्धत घेण्यासारखी आहे, तिचा आकडा नाही.

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकून मुलांना खरी वाटत नाही. समान श्रेयांकांचे पाच विषय घेऊ. एका मुलीला पाचही विषयांत ६९. सगळीकडे ए, म्हणजे सीजीपीआय ८.०, सरासरी ६९. दुसरीला तीन विषयांत ७० आणि दोन विषयांत ५९. तिचे बिंदू ९, ९, ९, ७, ७, बेरीज ४१, सीजीपीआय ८.२. गुणांची बेरीज ३२८, म्हणजे सरासरी ६५.६. जिचे गुण कमी तिचा सीजीपीआय जास्त! इथे टक्क्यांचा अंदाज चार-दोन गुणांनी चुकत नाही, क्रमच उलटा होतो. सीजीपीआय वाढला की टक्के वाढवणारे कुठलेही एक सूत्र घेतले, ते कितीही काळजीपूर्वक बनवलेले असले, तरी या दोघींना चुकीच्या क्रमाने उभे करील. म्हणून गुणवत्ता यादीत ८.० आणि ८.२ यांच्यामध्ये रेघ ओढून प्रवेश ठरतो तेव्हा मला ते मान्य होत नाही. मूळ गुण कार्यालयाच्या नोंदीत असतात. ते मागवायला हवेत.

इथवरचा प्रश्न एका विद्यापीठाच्या आतला होता. दोन बोर्डे किंवा दोन विद्यापीठे आली की मूळ गुण हातात असूनही अडचण उरते, कारण एकाकडचे ७२ आणि दुसरीकडचे ७२ यांमागचे पेपर, तपासणी आणि शिकवणे वेगळे असते. महाराष्ट्राने हे अकरावी प्रवेशात तीन वर्षे लागोपाठ अनुभवले. एसएससी, सीबीएसई आणि आयसीएसई यांचे गुण एका पातळीवर आणायला सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा एसएससीच्या मुलांना ठेवणारा ९०:१० चा निर्णय आला, तोही रद्द झाला. २०१० मध्ये एसएससीच्या मुलांचे सर्वोत्तम पाच विषय धरायचे ठरले. उच्च न्यायालयाने तेही नाकारले, पण सर्वोच्च न्यायालयात ते टिकले.

याच पर्सेंटाइलवर आज एमएचटी-सीईटी चालते आणि मला ते तिथे योग्य वाटते. ही परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एखाद्या मुलाचा पर्सेंटाइल काढताना त्याच्याच सत्रात त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण किती जणांना मिळाले ते मोजतात, त्याला सत्रातल्या एकूण परीक्षार्थींनी भागतात आणि शंभराने गुणतात. पेपर अवघड असला तर सगळ्यांचेच गुण उतरतात, मुलाची जागा मात्र हलत नाही. याला आधार एकाच गृहीतकाचा आहे: सकाळच्या सत्रातली मुले आणि दुपारच्या सत्रातली मुले, घोळका म्हणून, सारख्याच तयारीची असतात. कोणाला कोणते सत्र मिळते हे त्याच्या हुशारीवर ठरत नाही आणि एका सत्रात हजारो मुले असतात, म्हणून ते गृहीतक टिकते.

बोर्डांच्या बाबतीत ते टिकत नाही. मुलाला आयसीएसईच्या शाळेत घालायचे की गावातल्या हायस्कूलात, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. ते बापाच्या कमाईवर आणि घराच्या पत्त्यावर ठरते. वैभववाडी तालुक्यातल्या वाडीवस्तीवरच्या मुलाला तर एसएससीखेरीज निवड क्वचितच असते. निवडून जमलेल्या दोन घोळक्यांत 'नव्वदावा' म्हणजे एकच पातळी, असे म्हणायला काही पुरावा लागतो: दोन्हीकडच्या मुलांनी दिलेला एखादा समान पेपर, किंवा पुढच्या वर्गातली त्यांची कामगिरी. तो नसेल तर पर्सेंटाइल फक्त एवढेच सांगतो की हा मुलगा आपल्या घोळक्यात कुठे उभा आहे.

घोळका लहान असला की तेवढेही नीट कळत नाही. आमच्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाला एखाद्या विषयात वीसच मुले असतात. वीसांत एक मुलगा म्हणजे पाच पर्सेंटाइल. एक जण परीक्षेला तापाने गैरहजर राहिला तरी बाकीच्यांचे आकडे हलतात. अशा वर्गातला 'पंच्याण्णवावा' आणि शहरातल्या पाचशे जणांतला पंच्याण्णवावा यांची तुलना मी कोणालाच करू देत नाही. तिथे विद्यापीठाच्या त्या विषयाच्या सगळ्या परीक्षार्थींतली जागा मागावी. पेपर सर्वांना एकच असेल, तर ती मागणे रास्तही आहे.

त्या पालकांच्या मुलीच्या गुणपत्रिकेवर सुदैवाने विषयवार गुण होते. आम्ही बेरीज केली, टक्के ७४ च्या आसपास आले, आणि चौकोनात तेच लिहिले. सोबत सीजीपीआय, दहा बिंदूंचा तक्ता आणि बेरजेचा कागद जोडला, म्हणजे कोल्हापूरच्या कारकुनाला ९ ला कशाने गुणायचे हा प्रश्न पडायला नको. थोरल्याच्या गुणपत्रिकेवरचे गुण मिळवल्यावर ते ७३ च्या जवळ निघाले. बापाने दोन्ही कागद घडी घालून एकाच पिशवीत ठेवले आणि मुलीला म्हणाले, "चल, एस्टी चुकात."