पंधरा हजार फ्रेम्स आणि एक झटका

दहा मिनिटांच्या एका मराठी लघुपटाच्या दोन फाइली एका संकलकाकडे होत्या. मोठी फाइल पडद्यावर दाखवण्यासाठी, लहान फाइल महोत्सवाच्या निवड समितीसाठी. दोन्ही एकाच टाइमलाइनवरून काढलेल्या. लहान फाइल पाहून दिग्दर्शिकेने फोन केला, "दादा, लेझीमच्या शॉटमध्ये झटका बसतोय. मोठ्या फाइलीत तो नव्हता."

अशा वेळी पहिली नजर लांबीकडे जाते. दोन्ही फाइली बरोबर १० मिनिटांच्या होत्या. पण मिनिटं-सेकंद हे या कामात फार ढोबळ माप आहे. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर १० मिनिटांत १५,००० फ्रेम्स होतात. तीच टाइमलाइन चुकून २४ च्या गतीने एक्स्पोर्ट केली, तर लांबी १० मिनिटंच राहते आणि फ्रेम्स मात्र १४,४०० भरतात. दर सेकंदाला एक फ्रेम गळते आणि कॅमेरा आडवा सरकताना ठरावीक अंतराने हिसका जाणवतो. म्हणून माझा आग्रह असतो, आधी फ्रेम्स मोजा.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -count_frames -show_entries stream=r_frame_rate,nb_read_frames -of default=nw=1 film.mp4
```

ही आज्ञा फाइलीवर लिहिलेला आकडा वाचून थांबत नाही, प्रत्येक फ्रेम उलगडून मोजते. त्यामुळे वेळ लागतो, पण आकडा खरा मिळतो. फाइलीची एकूण लांबी सेकंदाच्या दोन-चार शतांशांनी वेगळी दिसली, तर घाबरण्याचं कारण नसतं. एएसी पद्धतीचा आवाज १,०२४ नमुन्यांच्या तुकड्यांत साठवला जातो. ४८ किलोहर्ट्झला असा एक तुकडा सुमारे २१ मिलिसेकंदांचा होतो, आणि शेवटचा तुकडा चित्र संपल्यावरही थोडा पुढे जाऊ शकतो.

इथे दोन्हीकडे १५,००० फ्रेम्स भरल्या. गळती नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह व्हावा असाच हा आकडा. संकलकाने मात्र दोन्ही फाइली नव्या टाइमलाइनवर एकावर एक ठेवल्या आणि वरच्या थराला `Difference` हा ब्लेंड मोड दिला. या मोडमध्ये संगणक प्रत्येक बिंदूच्या दोन किमतींची वजाबाकी दाखवतो. चित्र सारखं असेल तिथे काळं, वेगळं असेल तिथे उजळ. लहान फाइल जास्त दाबलेली असल्यामुळे काळ्यावर बारीक कण वळवळत राहतात, ते अपेक्षितच. चित्राच्या गडद आणि उजळ भागांवर करडी झाक आली आणि मधल्या छटा काळ्याच राहिल्या, तर एका फाइलीत काळ्या-पांढऱ्याची मर्यादा १६ ते २३५ आणि दुसरीत ० ते २५५ धरली गेली असावी.

खरी गंमत उजळ कडा वाचण्यात आहे. एखादी फ्रेम कायमची गळाली असेल, तर त्या क्षणापासून शेवटपर्यंत प्रत्येक हालत्या वस्तूची कड चमकत राहते, कारण पुढचं सगळं एका फ्रेमने सरकलेलं असतं. एका फ्रेमच्या जागी आधीचीच पुन्हा आली असेल, तर पडदा फक्त एकदा लुकलुकतो आणि लगेच काळा होतो.

लेझीमच्या शॉटमध्ये तिसराच प्रकार निघाला. शॉट सुरू होताच नाचणाऱ्यांच्या हातापायांच्या कडा उजळल्या, शॉटभर उजळ राहिल्या आणि पुढच्या कटला पडदा पुन्हा काळा. एक-एक फ्रेम पुढे नेत पाहिल्यावर उलगडा झाला. लहान फाइलीत शॉटची पहिली फ्रेम दोनदा आली होती आणि शेवटची गायब होती. एक वाढली, एक घटली, म्हणून बेरीज तीच.

तो एकच शॉट फोनवर चित्रित केला होता. फोन बऱ्याचदा बदलत्या गतीने चित्रण करतात. सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम्स न घेता त्यांच्या आसपास घेतात. टाइमलाइनच्या २५ मध्ये त्यातली कोणती फ्रेम कुठे बसवायची, हे दोन एक्स्पोर्टमध्ये वेगळं ठरलं. संकलकाने मूळ क्लिप आधी स्थिर २५ च्या गतीत बदलून घेतली, टाइमलाइनवर जुनीच्या जागी ठेवली आणि दोन्ही फाइली नव्याने काढल्या. या वेळी त्या शॉटमध्ये कडा उजळल्या नाहीत.

यानंतरच दर्जाची तुलना करण्यात अर्थ आहे. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ हे माप जुळणाऱ्या फ्रेम्सची तुलना करून साधारण ० ते १०० असा गुण देतं. फाइली एका फ्रेमने जरी सरकलेल्या असल्या, तरी चांगल्या चित्रालाही गुण कमी पडतात. संपूर्ण चित्रपटाची सरासरी पाहून तर अजिबात समाधान मानू नये. नऊ मिनिटं उत्तम आणि धुराच्या एका दृश्यात चौकोनी ठोकळे, तरी सरासरी देखणीच येते. सर्वांत कमी गुणांच्या फ्रेम्स काढून त्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे पडतात, तो दोष व्हीमॅफला नीट पकडता येत नाही. तिथे खोलीत अंधार करून, चित्र पूर्ण पडद्यावर लावून, दोन्ही फाइलींतलं तेच आकाश आळीपाळीने पाहणं हाच उपाय आहे.