आधी गुडघा, मग गाडी

बाबांनी स्कूटर नोंदवली, त्या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. नंबर लागायला वर्षं जायची आणि येईल तो रंग आपला म्हणायचा. पुढे जुनी मारुती ८०० घरी आली, ती बाबा आणि काकांनी ओट्यावर बसून ठरवली. १९८३ साली बाजारात आलेली ती गाडी तोवर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. आईला मात्र गाडी दारात उभी राहिल्यावरच कळलं. पुढची कित्येक वर्षं ती मागच्या सीटवर गुडघे दुमडून, मांडीवर डबे घेऊन बसली. तिला तिथे कसं वाटतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून यंदा दादा म्हणाला, "आता नवी गाडी घेऊया," तेव्हा ग्रुपवर मी कुठल्याच गाडीचं नाव न घेता लिहिलं: "आई, दादा, वहिनी, गाडी घ्यायचीच आहे, पण मॉडेलची नावं सध्या कुणीही टाकू नका. खर्च रस्त्यावर नऊ लाखांच्या आत. चार लाख आपण तिघं मिळून भरू, पाच लाखांचं कर्ज काढू. आईला कुणाचा हात न धरता बसता-उठता आलं पाहिजे. या दोन अटींत जी बसणार नाही, ती गाडी बाद. उरलेल्यांना सगळ्यांनी गुण द्यायचे. आपल्या छोट्या चिन्मयचेही गुण धरायचे."

दादाचं पहिलं उत्तर आलं, "अटी कशाला? सगळ्यालाच गुण देऊ." मी नाही म्हटलं आणि अजूनही माझं तेच मत आहे. सगळ्याची सरासरी काढली की मोठा स्क्रीन, सनरूफ आणि रंग मिळून एका गुडघ्याला सहज हरवतात. पाचातल्या चौघांना आवडलेली गाडी पाचवीला चढताच येत नसेल, तर ते बहुमत काय कामाचं?

आईची अट मोजायची कशी, हा पेच होता. ती घरात ज्या खुर्चीवरून सहज उठते, तिची उंची मी टेपने मोजली. गादी दबल्यावर बावीस इंच भरली. तोच टेप घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजलं. सेडानची सीट खूप खाली होती. आई बसली, पण उठताना तिने दाराची चौकट घट्ट धरली. उंच गाडीत उलटं झालं, पाय वर टाकतानाच ती थबकली. दोन हॅचबॅकमध्ये मात्र ती नुसती बाजूला वळून बसली आणि तशीच उतरली. मागचं दार जवळजवळ काटकोनात उघडतं का, हेही बघावं लागतं. दार अर्धवटच उघडत असेल, तर सीटची उंची योग्य असूनही पाय अडकतो.

पैशांची अट कागदावर सोपी दिसते. फलकावर असते ती शोरूमची किंमत. एका गाडीची ती ७.६० लाख होती. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर अकरा टक्के, म्हणजे ८३,६०० रुपये. विमा साधारण अडतीस हजार. म्हणजे गाडी ८.८२ लाखांच्या आसपास जाते. ८.४० लाखांची दुसरी गाडी नऊ लाखांत बसेल असं वाटत होतं, ती करातच नऊच्या पुढे गेली. पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे १०,४०० रुपये आणि नुसतं व्याज सव्वा लाखाच्या घरात. हप्ता दादा भरणार होता, म्हणून हा आकडा सगळ्यांसमोर असणं मला गरजेचं वाटलं.

शेवटी त्या दोन हॅचबॅक उरल्या. एक पेट्रोल, दुसरी सीएनजी. दादा सीएनजीकडे झुकला होता. आम्ही हिशेब मांडला. आमचं फिरणं महिन्याला सहाशे किलोमीटर. त्यात इंधनाचे साधारण चौदाशे रुपये वाचणार, आणि गाडी नव्वद हजारांनी महाग. फरक भरून निघायला पाच वर्षांहून जास्त लागणार. शिवाय टाकीने डिकी व्यापलेली. गावाहून तांदळाचं पोतं आणणारी वहिनी म्हणाली, "मग पोतं काय माझ्या मांडीवर ठेवणार?" दादा रोज पन्नास किलोमीटर जात असता, तर हाच हिशेब उलटला असता.

गुण देताना एक काळजी घेतली. दादाचे गुण आधी दिसले असते, तर बाकीच्यांनी आपले त्याच बाजूला वळवले असते. मोठ्या भावाच्या पुढे जायची आपल्याला सवय नसते. म्हणून प्रत्येकाने कागदावर लिहिलं आणि रविवारी रात्री नऊला एकदमच फोटो टाकले. चिन्मयने रंगाला सगळ्यांत जास्त गुण दिले, तेही मोजले. पेट्रोल गाडी चार गुणांनी पुढे निघाली.

दादाने दुसऱ्या दिवशी बुकिंगची रक्कम भरली. आईने ग्रुपवर विचारलं, मागच्या सीटचा मधला पट्टा तीन ठिकाणी बांधणारा आहे ना? वहिनी उद्या पुन्हा शोरूममध्ये जाऊन तो बघून येणार आहे.