‘जुना’ या एका शब्दाची किंमत

आमच्या गल्लीच्या टोकाला एका शिंप्याचे दुकान आहे. सगळे त्यांना ‘मास्टर’ म्हणतात, मीही तसेच म्हणतो. गेल्या वर्षी मार्च महिन्यात, सकाळची गर्दी ओसरल्यावर, ते मुलाला घेऊन दवाखान्यात आले आणि एक लिफाफा माझ्यापुढे ठेवून गप्प बसले. जानेवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. मीच त्यांचा आलेख काढून, ॲस्पिरिनची गोळी चावायला देऊन त्यांना मोठ्या रुग्णालयात धाडले होते. अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. रोखरहित सोय नाकारली गेल्याने पत्नीचे दागिने गहाण ठेवून बिल भरले होते. 2,36,000 रुपयांचा तो दावा आता विमा कंपनीने फेटाळला होता.

पत्रात कारण एवढेच होते : रुग्णास पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब असून पॉलिसी घेताना तो दडवला गेला, पूर्वीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ पूर्ण झालेला नाही.

मला ते वाचून आश्चर्य वाटले, कारण मास्टरांचा रक्तदाब माझ्याच दवाखान्यात उघडकीस आला होता. मी कपाटातून त्यांचा केसपेपर काढला. नोव्हेंबर 2021 मध्ये ते तापासाठी आले तेव्हा रक्तदाब 124/80. ऑगस्ट 2023 मध्ये डोके दुखते म्हणून आले तेव्हा 150/96. आठवड्याने पुन्हा मोजला तर 152/98. त्या दिवशी प्रथमच ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पॉलिसी मात्र 14 जून 2022 पासूनची. मग ही पाच वर्षे आली कुठून?

उत्तर त्यांच्याच फायलीत होते, आणि ते वाचताना मला ओशाळल्यासारखे झाले. रुग्णवाहिका दारात उभी असताना मी घाईघाईने लिहिलेल्या चिठ्ठीत शब्द होते, ‘ओल्ड केस ऑफ हायपरटेन्शन’. माझ्या मनात अर्थ असा होता, की हा माझा जुना रुग्ण आहे आणि याला रक्तदाब आहे. रुग्णालयातील निवासी डॉक्टरने ‘ओल्ड’ वाचून साहजिकच विचारले, किती वर्षांपासून? वहिनींनी भांबावलेल्या अवस्थेत सांगितले, “पाच वर्षं झाली, याच डॉक्टरांकडे जातो आम्ही.” तेच डिस्चार्ज कार्डावर ‘रक्तदाब, पाच वर्षे’ असे उतरले. तिघांपैकी खोटे कोणीच बोलले नव्हते. कंपनीने मात्र ते कार्ड वाचले आणि पॉलिसीच्या तारखेशी ताडून पाहिले.

मास्टरांच्या मुलाने सुचवले, “काका, तुम्हीच आधीच्या तारखेची दुसरी चिठ्ठी द्या ना.” मी नाही म्हटले. पहिली चिठ्ठी रुग्णालयाच्या फायलीत आणि तिची प्रत कंपनीकडे होती. दुसरी पुढे आली असती तर आजवर प्रामाणिक असलेला माणूस त्या क्षणी खोटा ठरला असता. जुन्या कागदावर खाडाखोड करायची नाही. आजच्या तारखेचे नवे प्रमाणपत्र देऊन त्यात जुन्या नोंदी जशाच्या तशा सांगायच्या, हाच खरा मार्ग.

मग पॉलिसी मागितली. मुलाने मोबाइलवर पाठवली ती एजंटने दिलेली रंगीत माहितीपत्रिका निघाली. माहितीपत्रिकेच्या आधारावर कंपनीशी भांडता येत नाही. नाव, रक्कम आणि मुदत सांगणारा तक्ता, अटींची पुस्तिका आणि आरंभी भरलेल्या अर्जाची प्रत असे तीन कागद लागतात. संध्याकाळी त्याने तक्ता आणि बत्तीस पानांची पुस्तिका पाठवली. अर्जाची प्रत घरात सापडेना, म्हणून ती पत्रातच मागायचे ठरवले.

सहाव्या पानावरील व्याख्येत सारे प्रकरण सामावलेले होते. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या 48 महिन्यांत ज्या आजाराचे डॉक्टरांनी निदान केले, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार दिला, तोच ‘पूर्वीचा आजार’. म्हणजे प्रश्न रक्तदाब आहे की नाही हा नव्हताच. निदान 14 जून 2022 च्या आधी झाले की नंतर, एवढाच होता. चौदाव्या पानावर अशा आजारासाठी 36 महिन्यांचा प्रतीक्षाकाळ होता. दाखल होताना एकतीस महिने झाले होते. पण आजार पूर्वीचा नसेल तर ही अट लागूच होत नाही.

एक मोह मला आवरावा लागला. हृदयविकाराचा रक्तदाबाशी काही संबंध नाही, असे लिहावे, असे शेजारच्या एका जाणकारांचे म्हणणे होते. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक आहे, आणि कंपनीचा डॉक्टर ते एका ओळीत खोडून काढील. आपला मुद्दा भक्कम असताना त्याच्याशेजारी कच्चा मुद्दा कशाला ठेवायचा?

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला इंग्रजीत, मास्टरांच्या सहीने गेले. त्याचा गाभा मराठीत असा :

“माझा दावा आपल्या 3 मार्चच्या पत्राने नाकारण्यात आला. त्या पत्रात पॉलिसीतील कलमाचा उल्लेख नाही. सोबत जोडलेल्या पुस्तिकेच्या पान 6 वरील व्याख्येनुसार पूर्वीचा आजार ठरण्यासाठी निदान वा उपचार 14 जून 2022 पूर्वीचा असावा लागतो. माझे निदान ऑगस्ट 2023 मध्ये झाले. केसपेपरची प्रत व डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. त्यामुळे पान 14 वरील प्रतीक्षाकाळ मला लागू होत नाही. कृपया कळवावे : नकार कोणत्या कलमाखाली दिला? 2022 पूर्वीच्या निदानाचा कोणता कागद आपणाकडे आहे? नकारास आपल्या दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी आहे काय? माझ्या मूळ अर्जाची प्रतही द्यावी.”

पानासोबत कलमाचा क्रमांकही दिला, कारण तक्ता आणि पुस्तिका दोन्हींची पाने एकपासूनच सुरू होतात. समितीचा प्रश्न सहेतुक होता. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार या समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि नकार देताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो.

प्रमाणपत्रात मी माझ्या चिठ्ठीतील ‘ओल्ड’ या शब्दाचा अर्थही लिहिला. पंचवीसेक वर्षांच्या व्यवसायानंतर स्वतःच्या निष्काळजी शब्दाचा खुलासा परक्या अधिकाऱ्याला करणे फारसे सुखाचे नव्हते. रुग्णालयाला आणखी दोनदा जावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी मूळ कार्डाला हात न लावता, इतिहास नातेवाइकांच्या सांगण्यावरून लिहिला होता, अशी तारखेसह पुरवणी नोंद दिली. माझ्या मते कंपनीला वळवले ते माझ्या प्रमाणपत्राने नव्हे, या नोंदीने. माझे प्रमाणपत्र शेवटी घरच्या डॉक्टरचेच.

एक महिन्यात उत्तर आले नसते किंवा ते समाधानकारक नसते, तर पुढची पायरी विमा लोकपालाची होती. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. आम्ही त्या तक्रारीचे कागद जुळवूनही ठेवले होते. तेराव्या दिवशी कंपनीने रुग्णालयाचे आतील केसपेपर मागवले आणि एप्रिलअखेरीस हातमोजे वगैरे किरकोळ वस्तू वजा करून 2,19,400 रुपये खात्यात जमा केले. अर्जाची प्रतही आली. रक्तदाबाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ होते, आणि त्या तारखेला ते खरे होते. पत्रात दिलगिरीचा शब्द नव्हता. मास्टरांना त्याची खंत वाटली, मला फारशी नाही. दागिन्यांवरचे तीन महिन्यांचे व्याज मात्र त्यांच्याच खिशातून गेले.

आता कोणालाही रुग्णालयात धाडताना मी आजारापुढे निदानाचा महिना आणि वर्ष लिहितो. आठवत नसेल तर केसपेपर उघडतो. मास्टर दर महिन्याला रक्तदाब मोजायला येतात. चिठ्ठी हातात घेतली, की चष्मा कपाळावर सरकवून ती माझ्याकडेच परत करतात आणि म्हणतात, “डॉक्टरसाहेब, काय लिहिलंत ते एकदा वाचून दाखवा.”