साडेपाच ते साडेसात

‘आम्हाला साधं, मोकळं, प्रसन्न घर हवंय. सोबत काही फोटो जोडले आहेत.’ इंटिरियर डिझायनरला पहिल्या भेटीआधी जो ईमेल जातो, त्याची सुरुवात बहुधा अशी असते आणि पुष्कळदा शेवटही तिथेच होतो. फोटो सुंदर असतात. फिकट करडा सोफा, लाकडी पट्ट्यांची भिंत, रिकामा ओटा. पण त्यांत ओला टॉवेल नसतो, दाराशी पाच जोड चपला नसतात, गव्हाच्या पिठाचा डबा नसतो, आणि मुख्य म्हणजे किती वाजलेत ते कळत नाही. मला हीच गोष्ट खटकते. घर एकाच जागी उभं असलं, तरी सकाळी सहाचं घर आणि रात्री अकराचं घर ही दोन वेगळी घरं असतात. ज्याला आतली रचना करायची आहे, त्याला ती दोन्ही माहीत हवीत. म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्या ईमेलमध्ये घराचं रूप सांगू नये, घराचा दिवस सांगावा. चांगला डिझायनर दिवसावरून रूप काढू शकतो. रूपावरून दिवस मात्र कुणालाच काढता येत नाही.

एक घर घेऊ. कोथरूडमधला जुना दोन बेडरूमचा फ्लॅट, ६८० चौरस फूट कार्पेट. माणसं पाच. ईमेलमध्ये एवढंच लिहिलं आहे असं समजा: ‘आजी हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, साडेपाचला उठतात. बाबांची चाकणला दुसरी पाळी असते, ते रात्री एकला येतात आणि नऊपर्यंत झोपतात. आई पावणेसहाला ओट्याशी असते, सहा वाजता मिक्सर लागतो. साडेसहा ते सव्वासात आई आणि दोन्ही मुलं एकाच बाथरूमच्या दाराशी असतात.’ चार वाक्यं, त्यांत एकही रंग नाही, लाकडाचा प्रकार नाही. तरी आराखडा इथूनच सुरू होतो. स्वयंपाकघराची आणि बाबांच्या खोलीची भिंत एकच असेल, तर मिक्सर त्या भिंतीजवळ नको, ड्राय बाल्कनीच्या बाजूला हवा, आणि त्याचा प्लग तिकडेच. रात्री एकला दार उघडणाऱ्या माणसाला हॉलचा मोठा दिवा लावावा लागला, तर आजींची झोप गेली. म्हणजे दाराशी हाताला लागेल असं बटण आणि बूट काढण्यापुरता मंद दिवा हवा. बाथरूमची गर्दी फोडायची तर बेसिन बाहेर पॅसेजमध्ये आणायला हवं. आता कामाचा क्रम बघा. आधी तोडफोड आणि नळकाम, मग वायरिंगसाठी भिंत खोदणं, मग फरश्या आणि टाइल्स, त्यानंतर सुतार आणि शेवटी रंग. वरच्या तिन्ही निर्णयांची वेळ सुतार येण्याच्या कितीतरी आधी निघून जाते. बेसिन बाहेर हवं होतं हे ट्रॉल्या बसल्यावर सुचलं, तर नवी टाइल फोडावी लागते, पाइपाला उतार मिळेलच असं नाही, आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं. सोफ्याचा रंग त्या दिवशीही बदलता येतो.

दिवसावरून घर काढण्याची ही रीत नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने अर्न्स्ट माय यांच्या हाताखाली हजारो घरं बांधायला घेतली, आणि त्यांतल्या स्वयंपाकघराचं काम १९२६ साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंकडे आलं. त्यांनी चित्रं काढण्याआधी पावलं मोजली. घरकामाचं असं मोजमाप अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी त्याआधीच मांडलं होतं. लिहोत्स्कींनी ते वाचलं, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं इवलंसं स्वयंपाकघर पाहिलं, आणि चूल, सिंक, ओटा यांच्यातल्या येरझाऱ्या कमी करत सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी खोली आखली. तिच्यातल्या वस्तू आजही बघत राहाव्यात अशा आहेत. बसून भाजी चिरता यावी म्हणून फिरतं स्टूल. भिंतीतून खाली उघडणारी इस्त्रीची फळी. डाळ, तांदूळ, साखर यांसाठी मूठ आणि चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण, म्हणजे खण उपसायचा आणि थेट पातेल्यात ओतायचा. पिठाचे खण मात्र ओकच्या लाकडाचे, कारण त्या लाकडाने पिठात अळ्या होत नाहीत असा अनुभव होता. कपाटांना निळसर रंग, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानलं जाई. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजी. मला या खोलीबद्दल फार आदर आहे, आणि तिच्यातला दोषही तितकाच शिकवणारा वाटतो. तिथे दोन माणसं एका वेळी सुखाने उभी राहू शकत नाहीत. आई पोळ्या करते आणि मुलगी शेजारी बसून गृहपाठ करते, असा संसार त्या मोजमापात धरलाच नव्हता. एकटी बाई, काम चोख, एवढंच धरलं होतं. लिहोत्स्कींनी पुढे स्वतःच सांगितलं, की हे स्वयंपाकघर आखण्याआधी त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता. मोजमाप खरं होतं, पण ते सरासरी कुटुंबाचं होतं. सरासरी कुटुंबात कुणीच राहत नाही. दहा हजार घरं एकदम बांधणाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. एका घरासाठी एक ईमेल लिहिणाऱ्याला तो आहे.

ओट्याची उंचीच घ्या. आपल्याकडे ती ३४ इंच गृहीत धरतात आणि कुणी विचारत नाही. ढोबळ नियम असा, की ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. आपल्या घरातल्या आईचं कोपर जमिनीपासून ४० इंचांवर असेल, तर ३४ बरोबर आहे. आजींचं ३६ वर असेल, तर त्यांना ३० ते ३२ हवा. त्यातून पोळ्या आजी लाटत असतील, तर प्रश्न आणखी बिकट, कारण लाटताना वरून जोर द्यावा लागतो आणि पोळपाटाची उंची मिळून ओटा आणखी वर येतो. खांदे उचलून लाटणारी बाई दिसली, की ओटा तिच्यासाठी बांधलेला नाही हे ओळखावं. ईमेलमध्ये लिहायचं ते फक्त दोघींच्या कोपरांची उंची आणि कोण काय करतं ते. ३० इंचांवर बाहेर ओढायची फळी द्यायची, की ड्राय बाल्कनीजवळ बुटका कट्टा, हे डिझायनरला ठरवू द्यावं. इतके तपशील दिले तर त्याच्या कल्पकतेला वाव राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. वाव संपतो तो उत्तर सांगितल्याने. अडचण नेमकी सांगितली, तर कल्पकतेला कामच मिळतं.

नावडीचं असंच आहे. आवडी सांगायला फोटो पुरतात, नावडीला कारण लागतं. ‘उघड्या फळ्या नकोत’ एवढंच लिहिलं, तर डिझायनर सगळीकडे दारं लावतो. ‘फोडणीचा तेलकट थर बसतो आणि तो पुसायला कुणाला वेळ नाही, म्हणून उघड्या फळ्या नकोत’ असं लिहिलं, तर पुस्तकांची उघडी फळी हॉलमध्ये चालेल हे त्याला कळतं, आणि चिमणी कुठे व किती जोराची हवी हेही कळतं. गडद चकचकीत लॅमिनेट नको, कारण बोटांचे ठसे दिसतात. फॉल्स सीलिंग नको, कारण छत आधीच नऊ फुटांवर आहे आणि पंखा आणखी खाली येईल. माझ्या मते कारण सांगता येत नाही अशी नावड ईमेलमध्ये शेवटी लिहावी, पण लिहावी जरूर. घरात एखाद्याला जांभळा रंग सहन होत नसेल, तर तोही त्या घराचा भाग आहे.

बजेटपाशी मात्र शहाणी माणसंही गप्प होतात. आकडा सांगितला तर तो पुरता खर्च होईल, ही भीती निराधार नाही. पण आकडा न सांगता काढलेला आराखडा नंतर छाटावा लागतो, आणि छाटणी न दिसणाऱ्या गोष्टींची होते. सिंकखालचा ‘आयएस ७१०’ छापाचा प्लाय जाऊन साधा येतो, चांगल्या बिजागऱ्या जाऊन हलक्या येतात. बाहेरचं लॅमिनेट तेच राहतं, म्हणून पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. कळतं ते कपाटाचा तळ पाणी पिऊन फुगतो तेव्हा. म्हणून आकडा लिहावा आणि त्यात काय धरलंय तेही लिहावं. ‘बजेट १२ लाख’ याचे दोन अर्थ होतात. डिझायनरने ते करावेगळे धरले आणि सगळं काम १८ टक्के जीएसटीच्या बिलावर झालं, तर खिशातून १४ लाख १६ हजार जातात. तुम्ही सगळं धरून म्हणाला असाल आणि दहा टक्के अडीअडचणीला बाजूला ठेवले असतील, तर उरलेल्या १० लाख ८० हजारांत कर वजा जाता काम आणि फी मिळून सव्वानऊ लाखांच्या आतच बसायला हवं. जवळजवळ तीन लाखांचा हा फरक एका वाक्याने मिटतो: फी, कर, रंग आणि वीजकाम यात धरलंय, फ्रिज, पंखे आणि वॉशिंग मशीन यात नाही.

हे सगळं डिझायनर विचारेलच की, असं कुणी म्हणेल. चांगला डिझायनर विचारतो. पण पहिल्या भेटीत जो बोलका असतो तोच उत्तरं देतो, आणि ओट्याशी उभं राहणारं माणूस चहा करायला आत गेलेलं असतं. लेखी मजकूर सर्वांनी आधी वाचून त्यात भर घालता येते. दिनक्रम बदलतो हाही आक्षेप खरा आहे. मुलगा दोन वर्षांत बाहेरगावी जाणार असेल, आजींना पुढे वॉकर लागणार असेल, तर तेही लिहावं. घर रोज कोणत्या वेळी रिकामं असतं आणि दागिने कुठे असतात, हे मात्र लिहू नये. तिजोरी हवी आहे एवढं पुरे.

आणि एक माणूस या ईमेलांत जवळजवळ कधीच नसतं, कारण ते कुटुंबात मोजलं जात नाही. भांडी घासायला येणारी बाई. ३४ इंचांच्या ओट्यात नऊ इंच खोल सिंक बसवलं, की त्याचा तळ जमिनीपासून २५ इंचांवर जातो. ओटा उंचीला बरोबर असूनही तिथे वाकून उभं राहावं लागतं. घरातलं कुणी तिथे उभं राहील ते दिवसातून चार वेळा हात धुण्यापुरतं. ती रोज उभी राहते, आणि अशाच आणखी चार-पाच घरांत. तिची उंची, तिची यायची वेळ, तिची पिशवी आणि चपला ठेवायची जागा, ओली भांडी निथळत ठेवायला किती फळी लागते, हे तिला विचारून ईमेलमध्ये घालायला एक परिच्छेद पुरतो. ज्या ईमेलमध्ये हा परिच्छेद नाही, त्यातला दिनक्रम मला अपुरा वाटतो, मग बाकीची वेळापत्रकं कितीही नेमकी असोत.