‘हात आत का घातला?’ हा प्रश्न आधी बंद करा

2017 साली एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर कंत्राटी कामगाराची दोन बोटं गेली. काका दुसरीपर्यंत शिकलेले. सुपरवायझरने विचारलं, “हात आत का घातला?” काका म्हणाले, “चुकलं साहेब.” कागदावर आलं: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. खाली अंगठा.

अर्ज लिहायला मी गेलो आणि मीही तीच चूक केली. म्हणालो, “काका, जाळी नव्हती ना मशीनला?” ते “नव्हती” म्हणाले. थोड्या वेळाने कळलं, जाळी होती, पण काढून ठेवलेली. शिकलेला माणूस विचारतो त्याला हो म्हणायची सवय आपल्या माणसांना कुणी लावली, हे तुम्हाला सांगायला नको.

मग नव्याने सुरुवात केली. “शेवटचा नीट निघालेला पीस आठवा. त्यानंतर काय केलंत?” का नाही, फक्त काय. “मग?” एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. “किती वाजता?” याला उत्तर येत नव्हतं, “जेवणाच्या सुट्टीआधी की नंतर?” याला लगेच आलं. आडकाठी आली तिथे काड्यापेटी दिली, म्हटलं ही डाय समजा, दाखवा. त्यांनी चांगल्या हाताने पीस काढून दाखवला. विचारलं, “तेव्हा पाय कुठे होता?” “खाली, जमिनीवर.” म्हणजे पेडल दाबलेलं नसताना प्रेस खाली आली! “असं आधी झालं होतं?” “सकाळपासून दोनदा डबल मारला होता तिने.” “कोणाला सांगितलंत?” “फोरमनला. तो म्हणाला, आजचा माल जाऊ दे.”

निष्काळजीपणाच्या गोष्टीचं काय उरलं आता?

जाळीबद्दलही तसंच. “जाळी कुठे होती?” “भिंतीला टेकवलेली.” “कोणी काढली?” “सुपरवायझरने, जाळीने माल कमी निघतो म्हणून.” हे दोन प्रश्न सोडून चालत नाही. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात, अशा जखमेत मालक सुटायचा तो कामगार नशेत असेल, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम किंवा नियम त्याने मुद्दाम मोडला असेल, किंवा ते संरक्षण त्याने स्वतः मुद्दाम काढलं किंवा डावललं असेल तर. साध्या चुकीने मालक सुटत नव्हता. म्हणून “जाळी नव्हती” आणि “जाळी काढली होती” या दोन्ही वाक्यांत कर्ता हरवतो, आणि हरवलेल्या कर्त्याच्या जागी कामगाराचं नाव बसतं.

फोरमनने मशीन तपासली का, हे काकांना माहीत नव्हतं. तसंच लिहिलं. अंदाज भरला तर उलटतपासणीत बाकीचंही खोटं ठरवतात.

शेवटी मी सगळं त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवलं आणि “बरोबर ना?” असं न विचारता “यात काय चुकलंय?” असं विचारलं. काका थांबले. म्हणाले, “दोनदा नाही, तिनदा. पहिल्यांदा चहाच्या आधी मारला होता.”

अंगठा त्यानंतर घेतला.