दोन सांधे, दोन स्थिरांक

बारावीच्या क्लासमध्ये हमखास भेटणारं एक गणित आहे. |x| ≥ 1 असेल तिथे f(x) = 1/|x| आणि |x| < 1 असेल तिथे f(x) = ax² + b. हे फलन सगळीकडे विकलनीय व्हायचं असेल तर a आणि b किती?

आधी आलेख काढावा. डावी-उजवीकडून दोन रस्ते घाट चढत येतात आणि 1 उंचीवर पोचून एकदम थांबतात. मधल्या मोकळ्या जागेवर कमानीचा पूल बांधायचा आहे. b म्हणजे कमानीच्या माथ्याची उंची, a म्हणजे तिचा बाक. पूल रस्त्याला नुसता टेकला तरी गाडी पलीकडे जाते, पण सांध्यावर दणका बसतो. दणकाही नको असेल तर उंचीबरोबर चढही जुळायला हवा.

उंची जुळवू. x = 1 पाशी a + b = 1. एवढ्यावर फलन संतत होतं, पण उत्तर एक नाही, अगणित आहेत. a = 0, b = 1 घेतलं तर पूल सपाट पाटासारखा बसतो. a = 1, b = 0 घेतलं तर तो मध्ये खोलगट होतो. सगळे सांध्याला चिकटलेले, पण चढाची हमी एकाचीही नाही. आता चढ बघू. बाहेर 1/x चा विकलज −1/x², म्हणजे सांध्यावर −1. आत 2ax, म्हणजे 2a. तेव्हा a = −1/2, आणि मग b = 3/2. त्या अगणित पुलांतला हा एकच टिकला.

x = −1 चा सांधा राहिलाच की! दोन सांधे, प्रत्येकी दोन अटी, म्हणजे चार समीकरणं, आणि हातात स्थिरांक दोनच. एरवी हे जमलं नसतं. इथे जमतं, कारण 1/|x| आणि ax² + b ही दोन्ही सम फलनं आहेत. उजवीकडे जे जुळलं त्याचं प्रतिबिंब डावीकडे आपोआप जुळतं. आतलं सूत्र ax + b असतं तर डोकं आपटूनही उत्तर आलं नसतं.

घाई करणारी मुलं थेट विकलजच घेतात. 2a = −1, झालं. पण विकलन करताना b केव्हाच गळून पडलेला असतो. मग कुणी b शून्य धरतो. तेव्हा कमानीचा चढ अगदी बरोबर, पण टोक −1/2 उंचीवर लोंबकळतंय आणि रस्ता दीड एकक वर! हे पकडायचं तर व्याख्येकडे जावं: f(1) मधून f(1 − h) वजा करून h ने भागा. अंश 3/2 च्या जवळ राहतो आणि h शून्याकडे जातो, त्यामुळे भागाकार हाताबाहेर जातो. तिथे विकलज नाहीच. म्हणून आधी सांतत्य, मग चढ. हा क्रम मास्तरांची शिस्त म्हणून आलेला नाही.

हे 3/2 भौतिकशास्त्रवाल्यांनी ओळखलंच असेल. एकसमान प्रभार भरलेल्या भरीव गोलाच्या केंद्रावरचं विद्युत विभव पृष्ठभागावरच्या विभवाच्या दीडपट असतं. त्रिज्या 1 आणि पृष्ठभागावरचं विभव 1 धरा: बाहेर 1/r, आत 3/2 − r²/2. आपलाच पूल! विभवाचा चढ, चिन्ह उलटं करून, म्हणजे विद्युतक्षेत्र. पृष्ठभागावर प्रभाराचा पातळ थर नसेल तर क्षेत्राला तिथे उडी मारायचं कारणच नाही; म्हणून विभव विकलनीय.

आणि तो a = 0 चा सपाट पूल? तो पोकळ कवच. सगळा प्रभार पृष्ठभागावर, आत विभव स्थिर आणि क्षेत्र शून्य, बाहेर पाऊल टाकताच क्षेत्र 1. सांध्यावरचा दणका म्हणजे तो थर. a = −1/4 घेतलं तर निम्मा प्रभार आत समान पसरलेला आणि निम्मा पृष्ठभागावर. आपण चुकीची म्हणून खोडलेली उत्तरं निसर्गाने वेगळ्या गोलांना वाटून दिलेली आहेत.

अर्थात आपलं उत्तरही एकदाच विकलनीय आहे. दुसरा विकलज आत −1, बाहेर 2/x³, म्हणजे सांध्यावर 2. गोलाच्या कडेला घनता एकदम तुटते, त्याची ही खूण. a आणि b दोन्ही खर्च झालेत, आता तिसरा स्थिरांक लागेल. आत ax² + b + cx⁴ घ्या, तिन्ही अटी लावा; c = 3/8, a = −5/4, b = 15/8 येतं. या गोलाची घनता 1 − r² च्या प्रमाणात असते, म्हणजे पृष्ठभागापर्यंत जाताना ती हळूहळू शून्य होते. वहीच्या अर्ध्या पानात हे होतं, करून बघा.